कीनोटचा अहवाल: स्लाइडच्या क्रमाने की ऑफिसच्या प्रश्नांनुसार?

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या परिषदेहून आलेल्या सहकाऱ्याला पडलेला हा प्रश्न. कीनोट आवृत्ती 17 वर होतं आणि साहेबांना दोन पानांचा अहवाल हवा होता.

लिहायला सोपा स्लाइडचा क्रमच. संध्याकाळभरात होतो आणि नंतर मूळ डेकशी ताडूनही पाहता येतो. पण वक्त्याचा जोर आपल्या अहवालात जसाच्या तसा उतरतो. व्हॅक्यूमला 'कमाल 20 पट कमी मेमरी' यातला 'कमाल' शब्द सारांशात हमखास गळतो, आणि साहेब तेवढ्या बचतीची आशा धरून बसतात.

प्रश्नांनुसार लिहायला वेळ जास्त लागतो, कारण स्लाइडबाहेरचंही शोधावं लागतं. 'आपला रात्रीचा बॅकअप लहान होईल का?' याचं उत्तर स्लाइडवर एका ओळीत असतं: इन्क्रिमेंटल बॅकअप आला. अहवालात मात्र पुढचंही हवं. या बॅकअपसाठी `summarize_wal` चालू करावं लागतं आणि रिस्टोअरआधी `pg_combinebackup` ने सगळे तुकडे जोडावे लागतात. म्हणजे जागा वाचते, पण रिस्टोअरची पायरी वाढते. निर्णय घ्यायला साहेबांना हेच लागतं. प्रत्येक उत्तरापुढे स्लाइडचा क्रमांक टाकला की ताडून पाहण्याची सोयही राहते.

परिषदेला न आलेल्या टीमला विषय कळवायचा असेल, तर स्लाइडचा क्रम पुरेसा आहे. अपग्रेड किंवा खर्चाला मंजुरी हवी असेल, तर प्रश्नांनुसारच लिहा.