हजेरीच्या शीटसाठीचं एक पानी सूचनापत्रक: नऊ महिने वापरल्यानंतर

आमची संध्याकाळची अभ्यासिका वस्तीतल्या एका समाजमंदिरात भरते. मुलं पस्तीसच्या आसपास, स्वयंसेवक सात. त्यातले चार कॉलेजातले, दोघं निवृत्त शिक्षक आणि सातवा मी. हजेरी गूगल शीटवर असते आणि ती जवळजवळ सगळे फोनवरूनच भरतात. मागच्या जुलैत आमच्यातल्या एका ताईंनी ‘शीट कशी भरायची’ असं एक ए-फोर पान लिहिलं, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. हा अनुभव त्या पानाचा आहे. आज त्याची चौथी आवृत्ती दारावर आहे. पहिल्या तीन का बदलाव्या लागल्या, तेच सांगतो.

आधी शीट कशी आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नावं पाचव्या ओळीपासून सुरू होतात. D ते AH हे महिन्याचे एकतीस दिवस. AI मध्ये हजर दिवस आणि AJ मध्ये टक्केवारी. हजर असेल तर P, नसेल तर A, आणि अभ्यासिका बंद असेल त्या दिवशी घर कोरं. ‘कोरं म्हणजे गैरहजर’ असं आम्ही मुद्दाम धरलं नाही, कारण मग सुट्टी आणि भरायला विसरलेला दिवस दोन्ही मुलांच्या माथी बसतात. म्हणून टक्केवारी P आणि A यांच्याच बेरजेवर निघते.

```
AI5:  =COUNTIF(D5:AH5,"P")
AJ5:  =IFERROR(AI5/(AI5+COUNTIF(D5:AH5,"A")),"")
```

पहिल्या पानावरची पहिलीच सूचना होती, ‘सूत्रांना हात लावू नये.’ वाचायला चोख, पण उपयोग शून्य. AI14 मध्ये 9 दिसतं, तेव्हा ते कोणी टाइप केलेलं आहे की सूत्रातून आलेलं, हे फोनवर नुसतं बघून कळत नाही. ज्याला सूत्र म्हणजे काय हे माहीत आहे, त्याला ही सूचना लागत नाही आणि ज्याला माहीत नाही, त्याला ती कळत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ताईंनी ते वाक्य खोडून लिहिलं, ‘फक्त पिवळ्या घरांत लिहा.’ आणि D ते AH पिवळं केलं. या एका बदलाने निम्मी भानगड मिटली. P आणि A ची ड्रॉपडाउन यादीही तेव्हाच आली. त्याआधी फोनचा कीबोर्ड शब्द पुरा करताना मागे एक जागा सोडायचा. डोळ्यांना P दिसायचं, पण COUNTIF ला ते ‘P आणि एक रिकामी जागा’ असायचं, म्हणून मोजलंच जायचं नाही. जुन्या नोंदी `Data > Data cleanup > Trim whitespace` ने एकदाच साफ केल्या.

सप्टेंबरात जे झालं त्यात मात्र बिघडलेल्या सूत्राच्या घराला कोणी बोटही लावलं नव्हतं.

दोन बहिणी. मोठीचं नाव चौदाव्या ओळीत आधीपासून होतं. धाकटी सप्टेंबरात नव्याने यायला लागली, तेव्हा मोठी गावाला होती. एका दादाने आडनाव बघून धाकटीची हजेरी मोठीच्याच ओळीत भरली. बारा तारखेला आमच्या शिक्षिका काकूंच्या हे लक्षात आलं. ताईंनी खाली अडतिसाव्या रिकाम्या ओळीत धाकटीचं नाव लिहिलं, काकूंनी D14 ते AH14 निवडून कट केलं, D38 वर पेस्ट केलं आणि ताईंनी वरच्या ओळीतली AI-AJ ची सूत्रं खाली कॉपी केली. मग काकूंनी मोठीच्या ओळीत बारा दिवसांचे A भरले. दिसायला सगळं जागच्या जागी.

घोटाळा ‘कट’मध्ये आहे. कॉपी केलं की मजकुराची प्रत जाते आणि मूळ सूत्र आपल्या जागेकडेच बघत राहतं. कट केलं की शीट समजते, ही घरंच दुसरीकडे राहायला गेली, आणि त्यांच्याकडे बघणारं सूत्र त्यांच्या मागोमाग नवीन पत्त्यावर जातं. चौदाव्या ओळीचं सूत्र आता असं झालं होतं:

```
AI14:  =COUNTIF(D38:AH38,"P")
```

म्हणजे मोठीच्या नावापुढे धाकटीचे दिवस मोजले जात होते. टक्केवारीच्या सूत्रातला पत्ताही तसाच हलला होता. महिनाअखेर बावीस दिवसांपैकी धाकटी 17 दिवस आली होती, मोठी फक्त 6. शीट दोघींपुढे 17 आणि 77 टक्के दाखवत होती. बहिणी बरोबरच येत असतील असं वाटून कोणालाच खटकलं नाही. आमच्याकडे पन्नास टक्क्यांखाली गेलेल्या मुलाच्या घरी जाऊन यायची पद्धत आहे. मोठी खरी 27 टक्क्यांवर होती आणि तिच्या घरी कोणी गेलं नाही. ऑक्टोबरात तिची आई सहज भेटली आणि म्हणाली, “मोठी तर मागच्या महिन्यात फारशी येतच नव्हती, धाकटीच तुमच्याकडे असते,” तेव्हा शीट उघडून बघितली.

काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “अरे, मी पिवळ्याच्या बाहेर गेलेच नाही.” आणि ते शब्दशः खरं होतं. पानावरचं सगळं पाळून शीट बिघडली होती.

कोणी म्हणेल, `Data > Protect sheets and ranges` मधून AI-AJ ला कुलूप का लावलं नाही? नंतर लावलंही, आणि ते हवंच. पण ते कुलूप सूत्राच्या घराला लागतं. सूत्र ज्या घरांकडे बघतं ती उघडीच राहणार, कारण तिथेच तर हजेरी भरायची आहे.

तिसऱ्या आवृत्तीत म्हणून दोन ओळी वाढल्या. पहिली: ‘कट करू नका, ओढू नका. चुकीच्या ओळीत भरलं असेल तर तिथलं पुसा आणि बरोबर ओळीत पुन्हा भरा.’ बारा दिवस पुन्हा भरायला दोन मिनिटं लागतात. दुसरी ओळ मला या पानावरची सगळ्यात मोलाची वाटते: ‘हजेरी भरून झाली की खोलीतली डोकी मोजा आणि तारखेच्या रकान्याखालचा आकडा बघा.’ बेचाळिसाव्या ओळीत रोजची उभी बेरीज आहे, D42 मध्ये `=COUNTIF(D5:D41,"P")`. खोलीत 29 मुलं आणि शीटवर 28 असेल, तर चूक आजची आहे आणि आजच सापडते.

पण बहिणींचा घोटाळा डोकी मोजून सापडला नसता, कारण उभी बेरीज बरोबरच होती. बिघडली होती आडवी. त्यासाठी जुन्या हिशेबनिसांची रीत वापरली: आडव्या बेरजांची बेरीज आणि उभ्या बेरजांची बेरीज एकच यायला हवी. वर डाव्या कोपऱ्यात, नावांच्याही वर, हे घर आहे:

```
=IF(SUM(AI5:AI41)=SUM(D42:AH42),"ताळा जुळला","थांबा")
```

सप्टेंबरची शीट यात घालून बघितली. अडतिसावी ओळ दोनदा मोजली गेली होती आणि चौदावी एकदाही नाही, त्यामुळे 17 वजा 6, म्हणजे बरोबर 11 चा फरक आला आणि लगेच ‘थांबा’. तेव्हा हे घर असतं तर बारा तारखेलाच कळलं असतं. ताळ्यालाही मर्यादा आहे: एका मुलाचा P दुसऱ्याच्या ओळीत पडला तर दोन्ही बेरजा जुळतात आणि तो गप्प बसतो. डोकी मोजूनही ते कळत नाही. त्यावर आमच्याकडे अजून तोडगा नाही. नावं मोठ्याने वाचून हजेरी घ्यायची, एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीत शीटच थोडी बदलली. प्रत्येक ओळीत वेगळं सूत्र ठेवण्याऐवजी AI5 मध्ये एकच सूत्र आणि त्याचं उत्तर खाली सगळ्या ओळींत पसरतं. टक्केवारीलाही तसंच.

```
AI5:  =BYROW(D5:AH41,LAMBDA(r,COUNTIF(r,"P")))
```

यात मधली एखादी ओळ कोणी कट केली तरी पूर्ण पट्ट्याचा पत्ता हलत नाही. एक्केचाळिसावी ओळ करड्या रंगाची असून तिच्यावर लिहिलंय, ‘नवीन नाव या ओळीच्या वर.’ तिच्या वर ओळ घातली की पट्टा आपोआप वाढतो. खाली लिहिलं तर ते नाव पट्ट्याच्या बाहेर राहतं आणि कुठेच मोजलं जात नाही. ओळ वाढवायचं काम मात्र ताई आणि मी दोघंच करतो.

याचा तोटा पहिल्याच आठवड्यात दिसला. कुलपाची निवड तेव्हा ‘फक्त इशारा दाखव’ अशी ठेवली होती आणि इशाऱ्यावर ओके दाबून एका स्वयंसेवकाने AI22 मध्ये ‘मामाकडे गेलाय’ असं लिहिलं. पसरणाऱ्या उत्तराच्या वाटेत मजकूर आला की ते पसरतच नाही. अख्खा रकाना रिकामा झाला, वर AI5 मध्ये `#REF!` आलं. ग्रुपवर हलकल्लोळ. पण संगणकावर त्या घरावर बाण नेला की संदेशात अडवणाऱ्या घराचा पत्ताच असतो:

```
Array result was not expanded because it would overwrite data in AI22.
```

AI22 पुसलं, सगळं परत आलं. मला हा बिघाड सप्टेंबरच्या बिघाडापेक्षा दहापट बरा वाटतो. बोंब मारतो, पत्ता सांगतो आणि एका पुसण्यात जातो.

त्या स्वयंसेवकाला लिहायचं होतं ते काही वावगं नव्हतं. शीटवर त्याला जागाच नव्हती, म्हणून तो दिसेल त्या घरात लिहून मोकळा झाला. आता AK मध्ये ‘शेरा’ असा पिवळा रकाना आहे. तो आल्यापासून सूत्राच्या रकान्यात कोणी काही लिहिलेलं नाही. AI-AJ चं कुलूपही इशाऱ्याचं काढून पक्कं केलं, पण मला वाटतं खरं काम शेऱ्याच्या रकान्यानेच केलं.

चौथ्या आवृत्तीचा खालचा भाग ‘काही बिघडलं तर’ असा आहे. तो जानेवारीतल्या एका फजितीतून आला. काहीतरी विचित्र दिसलं म्हणून एकाने संगणकावर `Version history` उघडून आदल्या रात्रीची शीट परत आणली. बिघाड गेला, पण त्याबरोबर त्या संध्याकाळी दुसऱ्या दोघांनी भरलेली हजेरीही गेली. जुनी आवृत्ती परत आणली की सगळ्यांचंच काम मागे जातं. सुदैवाने परत आणण्याच्या आधीची शीटही त्याच यादीत राहते, म्हणून ती मिळाली. आता पानावर लिहिलंय: ‘आत्ताच तुमच्या हातून काही झालं असेल तर अनडू करा. नसेल तर काहीही करू नका, स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाका, आजची हजेरी कागदावर घ्या.’ ताई आणि मी जुनी आवृत्ती परत न आणता तिची वेगळी प्रत काढतो आणि हवं ते सूत्र तिच्यातून बघून लिहितो.

तक्रारी अजून आहेत. पान फोनवर फोटो म्हणून वाचताना खालची ओळ दिसत नाही, आणि नेमकं ‘बिघडलं तर’ तिथेच आहे. पिवळा रंग एका काकांना उन्हात पांढराच दिसतो, म्हणून पुढच्या महिन्यात सूत्रांचे रकाने गडद करून बघणार आहोत. काकू मात्र अजूनही वहीत वेगळी हजेरी ठेवतात. मागच्या शनिवारी ताळ्याच्या घरात ‘थांबा’ आलं, तेव्हा आम्ही पहिल्यांदा त्यांची वहीच मागितली.