मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सात महिने पीएस५: साताऱ्यातला अनुभव

आम्ही साताऱ्यात शाहूनगरच्या वरच्या अंगाला राहतो. आमच्या गल्लीत फायबरची लाइन अजून आलेली नाही. त्यामुळे पीएस५ घेतल्यापासून ऑनलाइन खेळ फोनच्या हॉटस्पॉटवरच चालू आहे, फुटबॉल जास्त आणि अधूनमधून शूटर. खेळता येतं, पण ते स्पीडवर ठरत नाही. पहिले दोन महिने मी स्पीडच्याच मागे लागलो होतो आणि तिथेच चुकलो.

स्पीड टेस्टला ८० एमबीपीएस यायचे, तरी मॅचमध्ये पास दिल्यावर खेळाडू क्षणभर जागेवरच उभा राहायचा. शेवटी लॅपटॉप त्याच हॉटस्पॉटला जोडून ही कमांड चालवली:

```
ping -n 100 8.8.8.8
```

सरासरी ४५ मिलिसेकंद आली, म्हणजे छान. पण शंभरातली सात-आठ उत्तरं ३०० च्या वर होती. मॅच बिघडवतात ती हीच. खेळाला तासाला जेमतेम ६०-७० एमबी लागतात, असं माझ्या फोनच्या डेटा वापरात दिसतं. डेटा थोडाच लागतो, पण तो दर क्षणाला वेळेवर पोचावा लागतो. म्हणून सरासरीपेक्षा सर्वात मोठा आकडा बघा. तो सतत १५० च्या आत राहिला, तर माझ्या मते आरामात खेळता येतं.

माझ्याकडे हे आकडे उसळण्याचं मुख्य कारण सिग्नल होतं. फोन टीव्हीजवळ, म्हणजे अजिंक्यताऱ्याकडच्या भिंतीला असायचा. सेटिंगमधल्या सिम स्टेटसमध्ये तिथे -११२ डीबीएम दिसायचं. रस्त्याकडच्या खिडकीत -९१ आलं. उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. काठावरच्या सिग्नलवर फोन ५जी आणि ४जी मध्ये सारखा हेलकावे खातो आणि प्रत्येक बदलाला खेळ अडकतो. म्हणून खेळताना मी Preferred network type मध्ये ४जी ठरवून ठेवतो. स्पीड निम्म्यावर येतो, पण झटके जवळपास जातात.

फोन खिडकीत ठेवला की तो कन्सोलपासून लांब जातो. मधे स्लॅबच्या घराची भिंत असल्यामुळे वायफाय कमजोर पडतं. हॉटस्पॉट ५ गीगाहर्ट्झवर ठेवला की भिंतीपलीकडे आणखी अडचण, आणि २.४ वर शेजारच्या सगळ्यांची गर्दी. पीएस५ ला फोन थेट यूएसबीने जोडून इंटरनेट मिळत नाही. मग चार्जिंगची जागा असलेला यूएसबी-सी ते लॅन अ‍ॅडॉप्टर आणि दहा मीटरची लॅन केबल आणली. अ‍ॅडॉप्टर लावल्यावर अँड्रॉइडमधला Ethernet tethering हा पर्याय उजळतो, तो चालू करायचा. प्रत्येक फोनमध्ये तो नसतो, म्हणून खरेदीआधी सेटिंगमध्ये शोधून बघा. सात महिन्यांत सर्वात जास्त फरक या एका खरेदीने पडला. फक्त फोन उन्हात ठेवू नका. चार्जिंग आणि डेटा एकत्र चालू असताना तो तापतो आणि तापला की मंदावतो.

डेटाच्या बाबतीत मला एकदा चांगलाच फटका बसला. माझ्या पॅकमध्ये ५जी ला मर्यादा नाही, ४जी ला रोज २ जीबी. एका रात्री ४जी वरच हॉटस्पॉट चालू राहिला आणि पीएस५ Rest Mode मध्ये होतं. बारा वाजता नवा डेटा आला आणि कन्सोलने गेमचं अपडेट ओढायला घेतलं. सकाळी सहाला धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, माझा क्लासचा व्हिडिओ उघडतच नाही." दिवसाचे २ जीबी संपले होते आणि पुढे ६४ केबीपीएस. तेव्हापासून Settings > System > Power Saving > Features Available in Rest Mode मधलं Stay Connected to the Internet बंद आहे. मोठी अपडेट मी फोन ५जी वर टाकून, जागा असताना करतो.

दोन सिमवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. आईचा फोन दुसऱ्या सिमवर आला की माझा डेटा थांबतो आणि मी मॅचमधून बाहेर पडतो. खेळताना ते सिम बंद ठेवतो आणि आईला डेटाच्या सिमचा नंबर दिलाय.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नाही. कन्सोलच्या Test Internet Connection मध्ये माझ्याकडे NAT Type 3 येतं, म्हणजे बाहेरून थेट जोडणी जवळपास बंद. मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात, त्यामुळे पोर्ट उघडण्याचे घरच्या राउटरवरचे उपाय इथे लागू होत नाहीत. गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या मॅचला काही अडत नाही. पण कन्सोल एकमेकांना थेट जोडणाऱ्या खेळात जोडीदार मिळायला वेळ लागतो. कऱ्हाडचा माझा मित्रही हॉटस्पॉटवरच खेळतो. आमची पार्टी जुळते, पण आवाज जात नाही. तो मामाच्या घरी ब्रॉडबँडवर असला की लगेच ऐकू येतो. एरवी आम्ही दुसऱ्या फोनवरून साधा कॉल लावून खेळतो.

रात्री साडेआठ ते साडेदहा मात्र टॉवरवर गर्दी असते आणि खिडकी, केबल, ४जी सगळं करूनही आकडे उसळतात. त्या वेळात मी रँक्ड मॅच लावत नाही. अकरानंतर किंवा सकाळी सातला खेळतो.