हप्तेस्थगितीनंतरचं पत्र: मुद्दलाच्या एका ओळीत लपलेले साठ हजार

दादाच्या घरकर्जात मी सहकर्जदार आहे. त्याचं काम बंद पडलं तेव्हा कर्ज देणाऱ्या कंपनीने सहा महिने हप्ते थांबवायची सवलत दिली. ती संपल्यावर पुनर्रचनेचं पत्र आलं. पत्र दीड पानाचं होतं. खाली आम्हा दोघांच्या सह्यांची जागा आणि तिच्या वर एक वाक्य : ‘वरील येणे बाकी कर्जदारांस मान्य आहे.’ परतफेडीचं नवं वेळापत्रक सोबत नव्हतं, ते ‘सिस्टीममध्ये तयार होईल’ असं सांगितलं गेलं. पत्र घेऊन आलेल्या माणसाने दादाला समजावलं, की सहा हप्ते राहिले म्हणून मुदत थोडी पुढे जाते, बाकी काही बदलत नाही, आणि सही आज झाली नाही तर खातं थकीत दिसेल. या धाकाने सह्या घेतल्या गेल्या. पुढे काही महिने हप्ते खात्यातून आपोआप कापले जात राहिले आणि खात्याचा उतारा हातात पडल्यावर सगळा प्रकार उघडा पडला.

आकडे सांगते, कारण फसवणूक आकड्यांतच होती. हिशेब डोक्यात बसावा म्हणून मुद्दल पूर्णांकात घेते. स्थगिती सुरू झाली त्या दिवशी मुद्दल २०,००,००० बाकी होतं, व्याज वर्षाला ९ टक्के, १२० हप्ते राहिलेले आणि हप्ता २५,३३५. नव्या पत्रात ‘सुधारित मुद्दल’ होतं २१,५२,०११, हप्ता तोच आणि मुदत १३६ महिने.

दोन मुद्दलांतला फरक १,५२,०११ आहे. त्याला सहाने भागलं की बरोबर २५,३३५ येतात, म्हणजे आपला पूर्ण हप्ता. खरी गोम इथे आहे. मी शाखेत हे विचारलं तेव्हा तिथले अधिकारी अगदी शांतपणे म्हणाले, “अहो मॅडम, सहा हप्ते तुम्ही भरले नाहीत, ते सहा हप्ते आम्ही कर्जात मिळवले. यात चुकीचं काय?”

ऐकायला हे इतकं सरळ वाटतं, की बहुतेक लोक मान डोलावून परत येतात. म्हणून हे नीट समजून घ्या. हप्त्यात दोन भाग असतात, व्याज आणि मुद्दल. २० लाखांवर ९ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज १५,००० होतं, त्यामुळे २५,३३५ च्या हप्त्यातले उरलेले १०,३३५ मुद्दलात जाणार होते. हप्ता भरला नाही तेव्हा ते १०,३३५ कुठेही गेले नाहीत, ते २० लाखांच्या बाकीतच बसून आहेत. तेच पुन्हा वरून मिळवले तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते. स्थगितीच्या काळात कर्जात वाढ होते ती फक्त व्याजाची.

ती वाढ किती, हे काढायला मोठं गणित लागत नाही. महिन्याला १५,००० धरून सहा महिन्यांचं सरळ व्याज ९०,००० होतं. करारात दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवायची अट असेल तर ९१,७०४. (ती अट आपल्या करारात आहे का, हे आधी पाहावं. नसेल तर व्याजावरचं व्याज द्यायला नकार देता येतो.) म्हणजे जास्तीत जास्त २०,९१,७०४ हे मुद्दल व्हायला हवं होतं. पत्रात त्यावर ६०,३०७ चढवले होते.

मुदतीवर त्याचा परिणाम पाहा. बरोबर मुद्दल धरलं तर त्याच हप्त्यात १३० हप्त्यांत कर्ज फिटतं आणि शेवटचा तर जेमतेम साडेपाच हजारांचा असतो. म्हणजे सहा हप्ते थांबवले, तरी प्रामाणिक हिशेबातही दहा हप्ते वाढतात आणि एकूण परतफेड सव्वादोन लाखांहून जास्त वाढते. ‘सहा राहिले, सहा वाढतील’ हे तोंडी आश्वासन मुळातच खोटं असतं. व्याज मुद्दलात गेलं की त्यावर शेवटपर्यंत व्याज चढतं. पत्रातल्या फुगवलेल्या मुद्दलावर मात्र १३६ हप्ते लागतात, आणि त्या जास्तीच्या हप्त्यांपायी आमचे आणखी दीड लाखाहून अधिक गेले असते.

ही सवलत घेताना व्याजाचे ते ९० हजार एकरकमी भरायची किंवा मुदत न वाढवता हप्ता वाढवायची मुभा मागता येते, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. १२० हप्तेच ठेवले असते तर हप्ता साधारण २६,४९७ झाला असता. दादाला तो झेपला असता, असं तो आजही म्हणतो.

वेळापत्रक नसलं तरी पत्र तपासता येतं, हे मला उताऱ्यावरून उमगलं. स्थगितीनंतरच्या पहिल्या हप्त्यातलं व्याज पाहायचं. त्याला बाराने गुणून वार्षिक दराने भागलं, की कंपनीने कोणतं मुद्दल धरलंय ते बाहेर येतं. आमच्या उताऱ्यात पहिलं व्याज १६,१४० होतं. बरोबर हिशेबात ते १५,६८८ असतं. साडेचारशेचा फरक नजरेआड होण्यासारखाच असतो, पण तो दर महिन्याला पडत राहतो.

मी लेखी अर्ज दिला. त्यात स्थगितीच्या आदल्या दिवसाची बाकी, प्रत्येक महिन्याचं व्याज आणि स्थगितीनंतरची बाकी अशा ओळी मांडून विचारलं, की यातली कोणती ओळ चुकीची आहे ते दाखवा. आधी सह्यांकडे बोट दाखवण्यात आलं, ‘बाकी तुम्हीच मान्य केली आहे’. मी उत्तर दिलं, की आकडा कसा आला ते न दाखवता घेतलेल्या संमतीने बेरीज बरोबर ठरत नाही. मग तक्रार वरच्या कार्यालयात गेली आणि ६०,३०७ वजा करायचं ठरलं. पण तेही आजच्या तारखेने! तसं झालं असतं तर मधल्या महिन्यांत त्या रकमेवर महिन्याला सुमारे ४५२ प्रमाणे घेतलेलं व्याज तसंच त्यांच्याकडे राहिलं असतं. दुरुस्तीची नोंद मूळ तारखेपासून हवी, हे मी अर्जात वेगळं लिहून दिलं आणि ते मान्य झालं.

नवं पत्र आलं. मुद्दल २०,९१,७०४ बरोबर होतं, पण मुदत पुन्हा १३६ महिने! विचारल्यावर उत्तर मिळालं, की यात स्थगितीचे सहा महिने धरलेत. ते खरं असू शकतं, कारण १३० आणि ६ मिळून १३६ च होतात. पण पत्रात तसा शब्दही नव्हता आणि सोबतच्या वेळापत्रकात पहिल्या नव्या हप्त्यापासून १३६ ओळी होत्या. १३० व्या ओळीला बाकी शून्य व्हायला हवी होती, तर तिथे लाखाहून अधिक रुपये शिल्लक दिसत होते, कारण वेळापत्रक जुन्याच मुद्दलावर छापलं होतं. आम्ही सही केली नाही. एकूण हप्ते किती, शेवटच्या हप्त्याची तारीख कोणती आणि त्या दिवशी बाकी शून्य, या तीन गोष्टी पत्रातच लिहून मागितल्या. पुढच्या पत्रात त्या आल्या आणि मगच दादाने व मी सही केली. पुनर्रचनेचं शुल्क म्हणून आधी कापलेली रक्कम मात्र अजून परत आलेली नाही, त्यासाठीचा अर्ज चालू आहे.