गोळ्यांचा आठवड्याचा डबा: ७ कप्पे, १४ की २८? आणि थायरॉइड, आयर्न, कॅल्शियम एकमेकांपासून लांब कसे ठेवायचे

डबा घ्यायला गेलं की मेडिकलवाला आधी विचारतो किती कप्प्यांचा हवा, आणि आपण दिवसाला किती गोळ्या आहेत ते मोजून सांगतो. पण मोजायच्या असतात त्या वेळा, गोळ्या नाहीत. पाच गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या असतील तर ७ कप्प्यांचा साधा डबा भरपूर झाला, आणि तीनच गोळ्या असून त्या तिन्ही एकमेकींपासून लांब ठेवायच्या असतील तर १४ वालाही पुरत नाही. त्यामुळे कुठला डबा घ्यायचा हे ठरवण्याआधी प्रिस्क्रिप्शन घेऊन बसा.

आता प्रिस्क्रिप्शनवर काय असतं, १-०-१, १-०-०, ०-०-१. सकाळ-दुपार-रात्र. ह्या तीन आकड्यांत उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतर असा फरक दिसतच नाही, तो शेजारी बारीक अक्षरात लिहिलेला असतो, असला तर. आणि त्यात थायरॉइडची गोळी एका डॉक्टरांची १-०-०, आयर्न दुसऱ्या डॉक्टरांचं १-०-०, कॅल्शियम हाडांच्या डॉक्टरांचं तेही १-०-०. तिघंही आपापल्या जागी बरोबर, पण घरी कोणी सरळ आकडे बघून डबा भरला की तिन्ही गोळ्या सकाळच्या एकाच कप्प्यात जातात. थायरॉक्सिन पोटात कॅल्शियमला किंवा आयर्नला चिकटतं आणि रक्तात कमी पोचतं. माणूस गोळी रोज नेमाने घेतो, तरी टीएसएच वाढलेलाच येतो, मग डोस वाढतो. गोळी न चुकता घेऊनही टीएसएच खाली येत नसेल तर डोस वाढवण्याआधी सकाळच्या कप्प्यात अजून काय काय आहे ते डॉक्टरांना सांगा.

आमच्या सासूबाईंचं उदाहरण घेते कारण त्यांच्या यादीत हे सगळंच आहे. थायरॉक्सिन, शुगरची मेटफॉर्मिन दोन वेळा, बीपीची टेल्मिसार्टन, आयर्न, कॅल्शियम, कोलेस्टेरॉलची अटोरवास्टॅटिन आणि आठवड्यातून एकदा डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची कॅप्सूल. सात औषधं. बसवताना सुरुवात सगळ्यात हट्टी गोळीपासून करायची, बाकीच्या तिच्याभोवती बसतात.

सगळ्यात हट्टी थायरॉक्सिन. उठल्यावर सहाला, नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम-आयर्न तिच्यापासून चार तास लांब. आठला नाश्ता, त्यासोबत मेटफॉर्मिन (ही जेवणाबरोबरच, नाहीतर पोट बिघडतं) आणि टेल्मिसार्टन. कॅल्शियम, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट असेल तर, पोटात ॲसिड असताना चांगलं विरघळतं म्हणून जेवणाबरोबर, म्हणजे दुपारी दीडला. रात्रीच्या जेवणाबरोबर मेटफॉर्मिन आणि अटोरवास्टॅटिन. अटोरवास्टॅटिन दिवसभरात कधीही चालते, फक्त रोज एकाच वेळी घ्यायची, म्हणून तिच्यासाठी वेगळी वेळ काढायची गरजच नाही.

राहिलं आयर्न, आणि तिथेच सगळ्यांचं अडतं. थायरॉक्सिनपासून चार तास, कॅल्शियमपासून दोन तास, शिवाय चहा आणि दुधापासूनही लांब कारण दोन्हींमुळे आयर्न कमी शोषलं जातं. रात्री झोपताना द्यावं तर सासूबाईंचं हळदीचं दूध मध्ये येतं आणि ते त्या काही सोडणार नाहीत. संध्याकाळी पाचला द्यावं तर चहा. शेवटी सकाळी अकराला बसलं. सहाच्या गोळीपासून पाच तास, आठच्या चहापासून तीन तास, दीडच्या कॅल्शियमपासून अडीच तास. फक्त अकराचा चहा बाराला गेला, त्यावरून दोन दिवस थोडी कुरकुर झाली. हे असं हलवण्याआधी डॉक्टरांना फोन करून वेळा वाचून दाखवल्या, कारण काहींना आयर्न उपाशीपोटी सोसत नाही आणि मग ते जेवणाबरोबरच द्यावं लागतं.

म्हणजे वेळा झाल्या पाच, उपाशीपोटी, नाश्ता, अकरा, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण. आता डबे बघू.

७ कप्प्यांचा डबा इथे बादच आहे, पण तो टाकाऊ नाही, त्याच्याबद्दल पुढे सांगते. १४ चा सकाळ-रात्रवाला शुगर-बीपीच्या साध्या रुग्णाला छान, त्याचे कप्पे मोठे असतात, बोटं आखडलेल्या माणसाला उघडायला सोपे, बॅगेत मावतो. पण त्यात "सकाळ" हा एकच कप्पा आणि सहा वाजता, आठ वाजता, अकरा वाजता असं तिन्हीचं त्यातच. म्हातारं माणूस कप्पा उघडून तळहातावर ओततं आणि जे असेल ते एका घोटात गिळतं, त्यातून निवडून घेईल ही अपेक्षाच चुकीची. थायरॉइड आणि कॅल्शियम दोन्ही चालू असेल तर १४ चा डबा घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

२८ चा, म्हणजे दिवसाला चार कप्पे, वर मॉर्न-नून-ईव्ह-बेड छापलेलं. ते छापलेलं विसरा. त्यावर पांढरी चिकटपट्टी लावा आणि मार्करने आपल्या वेळा लिहा: नाश्ता, अकरा, जेवण, रात्र. घड्याळाची वेळ लिहायची की जेवणाची ह्यावर मी आधी बराच विचार केला. जेवणाशी बांधलेल्या गोळीला जेवणाचं नाव द्यावं कारण जेवण एक तास पुढे गेलं की गोळीही आपोआप पुढे जाते, आणि लांब ठेवायच्या गोळीला घड्याळाची वेळ द्यावी कारण तिथे अंतरच महत्त्वाचं. म्हणून आमच्या डब्यावर तीन शब्द आणि एक आकडा आहे. पाचव्या वेळेसाठी, म्हणजे थायरॉक्सिनसाठी, तो ७ कप्प्यांचा छोटा डबा. तो पलंगाशेजारी पाण्याच्या तांब्याजवळ, आणि मोठा डबा जेवणाच्या टेबलवर. दोन्ही डबे दोन खोल्यांत असल्यामुळे सकाळी सहाला कॅल्शियम हाताला लागतच नाही, हा ह्या जोडीचा मोठा फायदा. थायरॉक्सिन नुसती बाटलीतून घेतली तरी चालेल पण मग "आज घेतली का गं मी?" ह्या प्रश्नाला उत्तर नसतं, डब्यात असतं, कप्पा रिकामा म्हणजे घेतली.

२८ वाल्याचा तोटा म्हणजे कप्पे लहान. आणि तो तोटा टेल्मिसार्टनपाशी जाणवतो. ही गोळी हवेतली ओल ओढून घेते म्हणून ती घ्यायच्या वेळेपर्यंत पाकिटातच ठेवायची असते, आधी काढून डब्यात टाकून ठेवायची नाही, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर अजिबात नाही. ओल लागलेली गोळी मऊ पडते, फुगते, बोटाला चिकटते, तसं दिसलं तर फेकून द्या. मग बरेच जण स्ट्रिप कात्रीने कापून एक-एक तुकडा कप्प्यात ठेवतात. जागा असेल तर ठीक, पण तुकड्याचे कोपरे धारदार असतात आणि नजर कमी झालेल्या माणसाने पाकिटासकट गोळी गिळल्याचे प्रकार होतात, अन्ननलिकेला जखम होते. शिवाय कापलेल्या तुकड्यावर ना नाव राहतं ना एक्स्पायरी. आम्ही उलट केलं, टेल्मिसार्टनची स्ट्रिप डब्याबाहेरच, मागच्या चांदीवर पेनने सो, मं, बु, गु असे वार लिहून रबरबँडने डब्याला बांधलेली. सोडियम व्हॅल्प्रोएट आणि डॅबिगॅट्रान ह्यांचंही तसंच, ओल चालत नाही, मूळ पाकिटातच. आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी कुठल्याच डब्यात नको, ती हाताशी, तिच्या मूळ पाकिटातच.

आठवड्यातून एकदाच्या औषधाचं मात्र मला डब्यात ठेवणं आवडत नाही. डी व्हिटॅमिनची कॅप्सूल मऊ असते, उन्हाळ्यात प्लॅस्टिकला चिकटते, ते एक सोडा. पण सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा चालू असेल तर भरणाऱ्याच्या हातून ती चुकून रोजच्या कप्प्यात पडणं जिवावर बेततं. ती वेगळ्या डबीत, वर वार लिहून, आणि देणारा माणूस एकच.

भरताना वार घेऊन भरू नका, म्हणजे सोमवारचे चारही कप्पे मग मंगळवारचे असं नाही. एक औषध घ्या, त्याची जागा सातही दिवस भरा, बाटली बंद करून बाजूला, मग दुसरं. शेवटी मोजायचं: आमच्याकडे नाश्त्यात एक, अकराला एक, जेवणात एक, रात्री दोन. चिकटपट्टीवर वेळेशेजारी तो आकडाही लिहिलाय, त्यामुळे सासरे भरोत की मी, चूक लगेच दिसते. मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली की रंग-आकार बदलतो, आकडा बदलत नाही. बघा, आयर्नची गोळी लहान मुलांना फार घातक असते आणि ह्या डब्यांची झाकणं दोन वर्षांचं नातवंडसुद्धा उघडतं, म्हणून घरी मुलं आली की टेबलवरचा डबा कपाटात जातो.

अंतर ठेवून सगळेच प्रश्न सुटतात असं मात्र नाही. अंतर फक्त पोटात एकमेकांना चिकटणाऱ्या औषधांना लागू पडतं. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल पोटातलं ॲसिडच दिवसभर कमी ठेवते, त्यामुळे ती आयर्नपासून सहा तास लांब ठेवली तरी आयर्न कमीच लागू पडणार. असं रोज चालू असेल तर कप्पे हलवत बसू नका, डॉक्टरांशी बोला, कॅल्शियम असेल तर सायट्रेटवालं चालेल का तेही विचारा कारण त्याला ॲसिड लागत नाही.

मध्येच अँटिबायोटिक लागलं तर, विशेषतः सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन, तीही कॅल्शियम-आयर्नला चिकटतात. पाच-सात दिवसांसाठी अख्खी मांडणी बदलण्यापेक्षा कॅल्शियम आणि आयर्न तेवढे दिवस थांबवता येतील का ते डॉक्टरांना विचारा. हो म्हणाले तर उरलेल्या दिवसांच्या त्या गोळ्या कप्प्यांतून काढून छोट्या डबीत घाला आणि चिकटपट्टीवरचे आकडे खोडून नवे लिहा, अकरावर शून्य आणि जेवणावरही शून्य.