गॅस गीझर बाथरूममधून बाहेर काढला: दोन्ही गीझर वापरून झाल्यावर

आमच्याकडे पहिले चौदा महिने बाथरूममध्ये मिनिटाला सहा लिटरवाला गॅस गीझर होता. आता तिथे पंधरा लिटरचा इलेक्ट्रिक स्टोरेज गीझर लागून सात महिने झाले. घरात आम्ही चौघं. नवरा, मी, मुलगी आणि सासूबाई.

गॅस गीझरवर मी खूश होते. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं गॅस सुरू होतो, दोन सेलवर ठिणगी पडते आणि पाच-सात सेकंदांत कढत पाणी येतं. लाइट गेली तरी अंघोळ अडत नाही. पाहुणे आले तरी एकामागून एक बादल्या भरत राहा.

जानेवारीतली एक सकाळ मात्र विसरता येत नाही. थंडी होती म्हणून खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांना आतून वर्तमानपत्र लावलं होतं. नवरा आणि मुलगी अंघोळ करून बाहेर पडले, लगेच सासूबाई आत गेल्या. थोड्या वेळानं दाराला धरून बाहेर आल्या. "डोकं जड झालंय गं, मळमळतंय," म्हणाल्या. आम्हाला वाटलं पित्त असेल. गॅलरीत मोकळ्या हवेत बसवल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं आणि तिथेच मला शंका आली. पित्त हवेनं उतरत नाही. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, बरोबर सगळी हकीकतही सांगितली.

नंतर मी हिशेब मांडून बघितला. आमचा गीझर तासाला साधारण ९०० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे मिनिटाला १५ ग्रॅम. एक बादली कढत करायला तीनेक मिनिटं, ४५ ग्रॅम. एवढा गॅस नीट जळायला सुमारे ६०० लिटर हवा लागते. आमचं बाथरूम पाच बाय सात फूट आणि आठ फूट उंच, म्हणजे आत फार तर ८,००० लिटर हवा. तीन बादल्यांना १,८०० लिटर, पाचव्या हिश्शापेक्षा जास्त. बाहेरून हवा येत नसेल तर जळालेलाच वायू पुन्हा ज्योतीकडे जातो, प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, गळती लगेच कळते. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा अडवतो आणि माणूस दार उघडण्याआधीच गळून पडू शकतो. पहिले दोघं सुटले आणि तिसऱ्याला त्रास झाला, त्याचं कारण हेच.

मेकॅनिक आला तेव्हा त्यानं गीझर सुरू करून त्याच्यावरच्या छोट्या खिडकीतून मला ज्योत दाखवली. निळी हवी होती, टोकं पिवळी होती, वरच्या जाळीवर काजळी धरलेली. बर्नर धुळीनं चोंदला होता. "एक्झॉस्ट फॅन लावू का?" मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, फॅन हवा बाहेर काढेल, पण आत कुठून येणार? दाराखाली फट आहे का?" नव्हती, दार थेट उंबऱ्याला टेकत होतं. बाहेर सोडलेला धुराचा पाइप आणि खाली हवेची वाट यांतलं एकही कमी असेल, तर गॅस गीझर बाथरूममध्ये नको, असं माझं ठाम मत झालं.

खर्चाचं खरंखुरं सांगते. चौघांच्या रोजच्या चार बादल्यांना एक सिलिंडर सत्तरेक दिवस पुरायचा. किलोला साठ-बासष्ट रुपये धरले तर महिन्याला पावणेचारशेच्या आसपास. इलेक्ट्रिक गीझरला एका बादलीला साधारण अर्धं युनिट लागतं आणि टाकीत पाणी गरम राहताना थोडी वीज जाते. महिन्याला सत्तर युनिट. आमच्या स्लॅबप्रमाणे सातशे रुपये. गॅस स्वस्त पडतो यात वाद नाही, पण फरक तीनशे-सव्वातीनशेचा आहे.

नव्याची उणीवही आहे. थंडीत टाकीभर पाणी तापायला वीसेक मिनिटं लागतात आणि विसण घालून एकाची सव्वा बादली होते. पुढच्याला पंधरा मिनिटं थांबावं लागतं. आमचं बोअरचं पाणी जड आहे. सहा महिन्यांत तापायला अर्धा तास लागायला लागला, म्हणून उघडून बघितलं तर कॉइलवर पांढरा क्षार चढला होता. साफ केल्यावर वेळ पूर्वीसारखी झाली. वायरमनकडून आधी अर्थिंग तपासून घेतलं, करंट गळाला की लगेच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आणि जाड वायर टाकून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढला. यात काटकसर केली नाही.

जुना गीझर टाकला नाही. मागच्या उघड्या गॅलरीत भिंतीला लावून घेतला, तिथून पाइप आत आणला. पाइपातलं गार पाणी निघेपर्यंत दोन तांबे वाया जातात, ते झाडांना घालते. वीज नसेल तेव्हा आणि पाहुणे आले की तोच चालतो, आणि दर आठवड्याला मी ज्योत निळी आहे का ते वाकून बघते.