बँक जुळवणीचा तक्ता: आठ महिने वापरल्यावर

शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीत मी दिवाणजी आहे. एप्रिलपासून बँक जुळवणीला एक्सेलमधला तक्ता वापरतोय. एका शीटवर कीर्दीचा बँक कॉलम भरायचा, दुसऱ्यावर बँकेचं स्टेटमेंट चिकटवायचं. तक्ता रक्कम बघतो, तारखेत सात दिवसांपर्यंतचा फरक चालवून घेतो, आणि न जुळलेल्या नोंदी दोन याद्यांत काढतो: ‘कीर्दीत आहे, बँकेत नाही’ आणि ‘बँकेत आहे, कीर्दीत नाही’. पूर्वी पेन्सिलीने टिका मारण्यात अख्खी दुपार जायची, आता अर्ध्या तासात हातावेगळं होतं.

पहिल्या यादीचा मला फार उपयोग झाला. गाडीभाड्याचा एक चेक तिथे महिनोनमहिने दिसत राहिला, म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला. चेक त्याच्या डायरीतच पडून होता. चेकची मुदत तीन महिनेच असते, त्यामुळे तो रद्द करून नवा दिला.

पण ऑक्टोबरची जुळवणी आधी वाचा, मग तक्ता वापरा. गडहिंग्लजच्या एका गिऱ्हाइकाचा १८,५०० चा चेक २७ तारखेला भरला आणि कीर्दीत जमा धरला. त्याच दिवशी इचलकरंजीच्या दुकानदाराने तेवढेच १८,५०० एनईएफटीने पाठवले. ते मला कळलं नाही, म्हणून कीर्दीत नोंद नव्हती. तक्त्याने कीर्दीतला चेक या एनईएफटीशी जुळवून टाकला. खरा चेक बँकेत २८ ला जमा होऊन २९ ला परत गेला होता. त्याच्या दोन्ही नोंदी, १८,५०० जमा आणि १८,५०० नावे, दुसऱ्या यादीत उरल्या, आणि एकमेकींना काटून बेरीज शून्य! खाली फरक शून्य बघून मी फाइल बंद केली. चेक परतीचा चार्जही यादीत होता, तो मी न विचारता बँक खर्चाला टाकला. खरं तर त्याच ओळीवर थांबायला हवं होतं.

बँकेची शिल्लक बरोबर, खतावणी मात्र चूक. इचलकरंजीला उधारीसाठी फोन केला तर समोरून, ‘‘दिवाणजी, पैसे कवाच पाठवल्यात की!’’ भल्या माणसाला उगीच तगादा लावला, याचं फार वाईट वाटलं.

तेव्हापासून दोन्ही शीटवर चेक किंवा व्यवहार क्रमांकाचा वेगळा कॉलम ठेवलाय. C मध्ये रक्कम, D मध्ये क्रमांक:

```
=COUNTIFS(Bank!$C:$C,C2,Bank!$D:$D,D2)
```

उत्तर 1 आलं तरच नोंद जुळलेली धरतो. 0 आलं की पावती काढून बघतो. स्टेटमेंटच्या लांबलचक नॅरेशनमधून क्रमांक सुटा करायला वीसेक मिनिटं जादा जातात, आणि सीझनमध्ये ती जाणवतात. तरी नुसत्या रकमेवरची जुळणी मी पुन्हा चालू केलेली नाही.