फ्रिजची टकटक: पीटीसी रिले आणि ओएलपीचा नवा सेट, काही महिन्यांच्या वापरानंतर

१९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज. कॉम्प्रेसर दोन-तीन सेकंद घुमायचा, ‘टक्’ व्हायचं, एक-दोन मिनिटं शांतता, मग बारीक टक् आणि पुन्हा तेच. अशा वेळी पहिला संशय रिलेवर जातो, पण कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या पीटीसी रिलेत हलणारा भागच नसतो. टकटक करते ती ओएलपीची, म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टरची, पट्टी: करंट जास्त झाला की तापून वाकते आणि सर्किट तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. म्हणजे ओएलपी बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असते आणि दोष दुसरीकडे असतो.

प्लग काढून, सगळं थंड झाल्यावर सेट पिनांवरून ओढून काढला. कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमध्ये मीटरवर १३, १९ आणि ३२ ओहम आले. लहान दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याइतकी, आणि बॉडीशी कुठेच जोड नाही, म्हणजे वाइंडिंग शाबूत. ओएलपी जवळपास शून्य, तीही ठीक. पीटीसी कानाशी हलवला तर खुळखुळला. थंड असताना त्यात साधारण १० ते ३० ओहम यायला हवेत, इथे काहीच नाही. आतली चकती फुटली होती. स्टार्ट वाइंडिंगला करंटच मिळत नव्हता, त्यामुळे रोटर जागचा हलत नव्हता.

नवा सेट कॉम्प्रेसरच्या मॉडेल नंबरवरून घेतला. दुकानात रिले, ओएलपी आणि कपॅसिटर एकत्र असलेलं थ्री-इन-वन किटही पुढे करतात. त्याने अडलेला कॉम्प्रेसर कधी कधी सुटतो, पण त्यातली ओएलपी आपल्या कॉम्प्रेसरच्या मापाची असेलच असं नाही. ती उशिरा तुटली तर वाइंडिंग जळतं. मी तरी घेणार नाही.

क्लॅम्प मीटर एकाच वायरभोवती लावून (अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्य दिसतं) आता सुरू होताना क्षणभर ८ अॅम्पिअरच्या आसपास दिसतात आणि लगेच १ च्या आत येतात. आधी टक् होईपर्यंत काटा वरच अडकून राहायचा.

उन्हाळ्यात तक्रार दोन प्रसंगी परतली. संध्याकाळी व्होल्टेज १६५ वर गेलं तेव्हा, आणि लाइट जाऊन मिनिटभरात आली तेव्हा. दुसऱ्या प्रसंगात पीटीसी अजून गरम असतो, त्यामुळे स्टार्ट वाइंडिंगला पुरेसा करंट देत नाही, आणि गॅसचं प्रेशरही समान झालेलं नसतं. टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर बसवल्यावर दोन्ही थांबलं.

या मॉडेलला स्टार्ट कपॅसिटर नाही. तुमच्याकडे असेल तर आधी रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मग मोजा. छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा २० टक्क्यांहून जास्त कमी भरला किंवा फुगलेला दिसला तर बदला. आर६००ए गॅस असेल तर ओएलपी बायपास करून ठिणगी पाडू नका, गॅस पेट घेतो.

सेट नवा, व्होल्टेज २३०, कपॅसिटर ठीक आणि तरीही करंट वरच अडकत असेल, तर कॉम्प्रेसर आतून जाम आहे. तिथे रिले बदलत बसण्यात अर्थ नाही.